पिचकारीसारख्या उलट्या आणि न घातलेला टाका: पायलोरिक स्टेनोसिसची पार्श्वभूमी

तान्हे बाळ दूध प्यायल्यावर थोडी गुळणी टाकते, याचे घरात कोणाला फारसे नवल वाटत नाही. मात्र जन्मानंतर दोन-तीन आठवडे नीट दूध पचवणारे बाळ प्रत्येक पाजणीनंतर दूध जोराने, पिचकारीसारखे दूरवर फेकू लागले, उलटी झाल्यावर लगेच पुन्हा भुकेने रडू लागले आणि त्याचे वजन वाढायचे थांबले, तर जठराच्या तोंडाशी अडथळा असल्याची शंका घ्यावी लागते. जठरातून आतड्यात अन्न सोडणाऱ्या पायलोरस या भागातील स्नायू जाड होतो आणि मधली वाट अरुंद होत जाते. हाच पायलोरिक स्टेनोसिस. तो मुलींपेक्षा मुलांमध्ये सुमारे चौपट आढळतो आणि पहिल्या अपत्यात अधिक दिसतो. स्नायू असा का वाढतो, याचे पूर्ण उत्तर आजही मिळालेले नाही.

कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1888 मध्ये दगावलेल्या दोन बाळांच्या शवविच्छेदनाच्या आधारे या आजाराचे स्पष्ट वर्णन प्रसिद्ध केले. त्याआधीही तुरळक नोंदी होत्या, पण हा स्वतंत्र आजार आहे हे वैद्यकाने मानले ते या वर्णनानंतर. उपाय मात्र हाती नव्हता. सुरुवातीचे शल्यचिकित्सक अडथळा तसाच ठेवून जठर थेट आतड्याला जोडत. आधीच सुकलेल्या बाळाला ही लांबलचक शस्त्रक्रिया सोसत नसे आणि बरीच बाळे दगावत.

पॅरिसमध्ये पिएर फ्रेडे यांनी 1907 मध्ये वेगळा मार्ग धरला. त्यांनी आतले अस्तर न उघडता फक्त जाड स्नायू लांबीच्या दिशेने कापला आणि वाट रुंद राहावी म्हणून तो छेद आडवा शिवला. जर्मनीतील म्युन्स्टर येथे 1911 मध्ये कोनराड रामस्टेट हेच करू पाहत होते, पण त्या कडक स्नायूत टाके टिकेनात, ते फाटून निघू लागले. तेव्हा त्यांनी छेद उघडाच ठेवून त्यावर पोटातील चरबीचा पडदा बसवला. बाळाच्या उलट्या आणखी काही दिवस चालल्या, तरी ते बरे झाले. पुढच्या रुग्णात त्यांनी टाका घालण्याचा विचारच सोडला आणि 1912 मध्ये ही पद्धत मांडली. शस्त्रक्रियेतील एक पायरी गळली आणि तीच शस्त्रक्रिया टिकली; शतकभरात तिच्या गाभ्यात बदल करण्याची गरज पडलेली नाही.

निदानाचे साधन मात्र बदलले. पूर्वी बाळाला दूध पाजता पाजता पोट तपासत. जठराची लाट डावीकडून उजवीकडे सरकताना दिसे, आणि धीर धरून चाचपले तर बेंबीच्या वर उजवीकडे बोराएवढी टणक गाठ बोटांना लागे. 1977 मध्ये सोनोग्राफीने हे निदान करता येते, असे प्रसिद्ध झाले आणि हळूहळू चाचपण्याची जागा मोजमापाने घेतली. स्नायूची जाडी साधारणतः 3 मिलिमीटरपेक्षा जास्त आणि पायलोरसची लांबी 15 मिलिमीटरच्या पुढे असेल, शिवाय दूध पुढे सरकताना दिसत नसेल, तर निदान पक्के मानतात. उलटी हिरवी असेल तर मात्र अडथळा पायलोरसच्या पुढे असू शकतो. आतड्याला पीळ पडल्याची शक्यता असल्याने तिथे तासाभराचा विलंबही परवडत नाही.

समजा, पाच आठवड्यांचा 3.6 किलो वजनाचा मुलगा आठवडाभर उलट्या करून आला आहे. जठरातील आम्ल सतत बाहेर गेल्याने त्याच्या रक्तातील क्लोराइड 84 पर्यंत उतरले आहे आणि बायकार्बोनेट 34 पर्यंत चढले आहे. इथे घाई करायची नाही, कारण अडथळा जीवघेणा ठरतो तो शुष्कतेमुळे आणि क्षारांच्या बिघाडामुळे, आणि रक्त असे अल्कधर्मी असताना भूल दिली तर नंतर बाळाचा श्वास थांबू शकतो. म्हणून आधी किलोमागे 20 मिलिलिटर, म्हणजे 72 मिलिलिटर सलाइन देतात, मग ग्लुकोजयुक्त सलाइन चालू ठेवतात, आणि लघवी होऊ लागल्यावर त्यात पोटॅशियम मिसळतात. क्लोराइड 100 च्या जवळ आणि बायकार्बोनेट 30 च्या खाली आले की मगच बाळाला शस्त्रक्रियेला घेतात. याला एक-दोन दिवस लागले तरी हरकत नसते.

शस्त्रक्रिया पूर्ण भुलेखाली, बेंबीजवळच्या छेदातून किंवा दुर्बिणीने होते. स्नायूवर उभा छेद घेऊन तो फाकवतात. आतले अस्तर फुगून वर आले की अडथळा सुटला असे समजते. खरी जपणूक लागते ती आतड्याकडच्या टोकाला, कारण तिथे अस्तर अगदी वरवर असते आणि भोक पडण्याचा धोका मोठा. त्यामुळे जठरात हवा भरून गळती नाही ना, हे पाहतात. भोक वेळीच दिसले तर ते शिवता येते. नजरेतून सुटले तर पोटात जंतुसंसर्ग होतो.

काही तासांनी दूध सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत थोड्या उलट्या होतात, कारण जठराला सूज असते, आणि एवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे कोणी समजू नये. जोरदार उलट्या आठवड्याहून अधिक चालू राहिल्या, तर मात्र जठराकडच्या बाजूला छेद अपुरा राहिला का, हे तपासावे लागते.