सात खंड, पाच महासागर (पाठांतराचे पद्य)

चौथीच्या मुलांना सात खंड आणि पाच महासागरांची नावे क्रमाने लक्षात राहावीत म्हणून रचलेले छोटे पद्य. इंग्रजीत अशा याद्या बहुधा आद्याक्षरांवरून लक्षात ठेवतात. मराठीत ती युक्ती चालत नाही, कारण आशिया आणि आफ्रिका दोन्ही ‘आ’नेच सुरू होतात, आणि अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलियाही त्यांच्या जवळच येतात. त्यामुळे भार चालीवर टाकावा लागतो. त्यासाठी अष्टाक्षरी सोयीची. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे, जोडाक्षर एकच धरायचे. या हिशेबाने अंटार्क्टिकाची अक्षरे चारच भरतात. नमुन्याची एक रचना अशी:

आशिया सर्वांत मोठा
आफ्रिका दुसरी आली
अमेरिका वर एक
अमेरिका एक खाली

अंटार्क्टिका गोठलेला
युरोप सहावा त्यात
ऑस्ट्रेलिया सानुला हा
खंड मोजा झाले सात

पॅसिफिक खोल मोठा
दुसरा अटलांटिक
हिंदी आपल्या शेजारी
दक्षिण आणि आर्क्टिक

येथे खंड आणि महासागर दोन्ही क्षेत्रफळाच्या उतरत्या क्रमाने आले आहेत. क्रमालाच अर्थ असल्यामुळे ‘युरोप मोठा की अंटार्क्टिका?’ या प्रश्नाचे उत्तरही पद्यातूनच मिळते. नकाशावर युरोप ठसठशीत दिसतो, म्हणून मुले येथे हमखास चुकतात.

दुसरी नेहमीची चूक आर्क्टिक आणि अंटार्क्टिकाची. पहिला उत्तर ध्रुवाभोवतीचा महासागर, दुसरा दक्षिण ध्रुवावरचा खंड. पद्यात दोघे वेगवेगळ्या कडव्यांत आहेत, तरी तेवढ्याने भागत नाही. म्हणताना बोट नकाशावर फिरायला हवे. ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्दही भिंतीवर टांगलेल्या नकाशापुरतेच खरे. पृथ्वीगोल हातात दिला की उत्तर-दक्षिण असेच म्हणवून घ्यावे. कोकणातले मूल ‘शेजारी’ ऐकून अरबी समुद्राचे नाव घेते. ते अगदी चूक नाही, पण तो हिंदी महासागराचाच भाग आहे, हे तिथेच सांगावे.

पाठांतर खरे झाले की नुसती चाल बसली, हे मधूनच विचारल्यावर कळते. ‘युरोपच्या आधी कोण?’ म्हटल्यावर मूल पुन्हा ‘आशिया’पासून म्हणू लागले, तर नावे सुटी झालेली नाहीत. अशा वेळी एकेक कडवे उलट्या क्रमाने विचारणे उपयोगी पडते.

‘पाच’ हा आकडा मात्र घरी वादाचा ठरू शकतो. पालकांच्या जुन्या पुस्तकांत बहुधा चारच महासागर असत. अंटार्क्टिकाभोवतीचे, साधारण 60° दक्षिण अक्षवृत्तापलीकडचे पाणी वेगळे मोजले की दक्षिण महासागर हा पाचवा होतो. नॅशनल जिओग्राफिकने आपल्या नकाशांवर तो 2021 मध्ये मान्य केला. खंडांची मोजणीही सर्वत्र सारखी नाही. आशिया आणि युरोपची जमीन सलग असल्याने काही देशांत दोन्ही मिळून एकच खंड धरतात, तर काही ठिकाणी दोन्ही अमेरिका एकत्र मोजतात.