पेन्शन हा पगार, फॅमिली पेन्शन नव्हे

फोंड्यातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात पेन्शनवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नोकरी संपली, मग आयकरातली ही पगाराची वजावट, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन, आम्हाला कशी?" त्याचं उत्तर जुनं आहे.

31 मार्च 1979 किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच केंद्राने पेन्शनचं वाढीव सूत्र लावलं होतं. आधी निवृत्त झालेले डी. एस. नकारा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. 17 डिसेंबर 1982 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा मोबदला आहे. म्हणून तर 17 डिसेंबरला पेन्शनर दिन होतो. मार्च 2025 मध्ये संसदेने वित्त कायद्यातून, निवृत्तीच्या तारखेवरूनही पेन्शनरांमध्ये फरक करायचा केंद्राचा अधिकार वैध ठरवला, तोही 1 जून 1972 पासून. नकारा निकालाला हा सरळ शह आहे, असं मला वाटतं.

आयकर कायदाही पेन्शनला पगारच मानतो. 2005-06 पासून बंद पडलेली स्टँडर्ड डिडक्शन 2018 मध्ये 40,000 रुपयांची होऊन परतली. पगारदारांचे प्रवास आणि औषधोपचार भत्ते त्यात मुरले. पेन्शनरांना ते भत्ते नव्हतेच, म्हणजे त्यांचा निव्वळ फायदा. तरी शंका उरली होती. एप्रिल 2018 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने पेन्शनरांनाही ती मिळते असा खुलासा केला. आता नव्या करप्रणालीत ती 75,000 रुपये आहे.

विधवेला मिळणारी फॅमिली पेन्शन मात्र पगार नव्हे, कारण त्या कचेरीत तिने नोकरी केलेली नसते. ती 'इतर उत्पन्ना'त जाते. तिची वजावट वेगळी: नव्या प्रणालीत एक तृतीयांश किंवा 25,000, यातली कमी रक्कम.

एका निवृत्त शिक्षिकेचा हिशेब धरू, वर्ष 2025-26. स्वतःची पेन्शन महिना 55,000, म्हणजे वर्षाचे 6,60,000. पतीमागची फॅमिली पेन्शन महिना 27,000, वर्षाचे 3,24,000. ठेवींचं व्याज 3,16,000. एकूण 13,00,000. आधी 75,000 आणि मग 25,000 वजा केले की बरोबर 12,00,000 उरतात आणि नव्या प्रणालीतल्या 12 लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य.

दोन्ही पेन्शन पगाराच्या रकान्यात भरल्या तर 25,000 ची वजावट हुकते. उत्पन्न 12,25,000 दिसतं आणि कर 25,000, त्यावर 4 टक्के उपकर 1,000, असे 26,000 रुपये भरावे लागतात. 25,000 च्या वजावटीसाठी 26,000 चा भुर्दंड!

फॅमिली पेन्शनचा आकडा फॉर्म 16 वर शोधू नये. पासबुक उघडावं, एप्रिल ते मार्चच्या बारा नोंदी पेन्सिलीने टिपाव्यात आणि बेरीज 'इतर उत्पन्ना'त फॅमिली पेन्शन म्हणून लिहावी.