रुंद पट्टा, अरुंद पट्टा: स्पेक्ट्रोग्रामपासून वेव्हलेटपर्यंत

ध्वनीचं चित्र काढणारं पहिलं कामाचं यंत्र अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार झालं. राल्फ पॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या या साउंड स्पेक्ट्रोग्राफची सविस्तर माहिती युद्ध संपल्यावर, 1945-46 मध्ये प्रसिद्ध झाली. रचना साधी पण चिकाटीची होती. सुमारे 2.4 सेकंदांचं बोलणं चुंबकीय माध्यमावर ध्वनिमुद्रित करायचं आणि तेच पुन्हा पुन्हा वाजवायचं. दर फेरीला एक फिल्टर वारंवारतेच्या पट्टीवर थोडा वर सरकायचा, आणि त्यातून जेवढा जोर बाहेर पडेल तेवढी काळी रेघ सुई कागदावर उमटवायची. सगळ्या फेऱ्या संपल्या की आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता आणि काळेपणात ध्वनीचा जोर असं चित्र मिळायचं. आज संगणकावर दिसणारा स्पेक्ट्रोग्राम म्हणजे हेच चित्र.

या यंत्रात फिल्टर एक नव्हता, दोन होते: एकाची रुंदी 45 हर्ट्झ, दुसऱ्याची 300 हर्ट्झ. पुढचा सगळा इतिहास या दोन आकड्यांत आहे, म्हणून त्यांच्यापाशी थोडं थांबू.

समजा, एखादा पुरुष 100 हर्ट्झच्या जाड आवाजात ‘आ’ म्हणतो आहे. त्याच्या स्वरतंतूंची उघडझाप दर 10 मिलिसेकंदांनी होते, आणि त्या आवाजात 100, 200, 300 हर्ट्झ अशी हार्मोनिकची शिडी असते. 45 हर्ट्झचा फिल्टर एका वेळी एकच पायरी पकडतो, त्यामुळे कागदावर आडव्या रेघा उमटतात. पण इतक्या अरुंद फिल्टरला आत आलेल्या बदलाला प्रतिसाद द्यायला साधारण 22 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात स्वरतंतू दोनदा उघडमिट करून मोकळे होतात, आणि त्या उघडझापा चित्रात दिसतच नाहीत. 300 हर्ट्झचा फिल्टर सुमारे 3 मिलिसेकंदांत प्रतिसाद देतो. त्याच्या चित्रात प्रत्येक उघडझाप उभ्या रेघेसारखी वेगळी दिसते, पण तीन पायऱ्या एकाच वेळी आत येत असल्याने शिडी नाहीशी होते. उरतात ते रुंद काळे पट्टे, म्हणजे तोंडाच्या पोकळीचे अनुनाद. ‘आ’ आणि ‘ई’ यांतला फरक याच पट्ट्यांवरून वाचता येतो.

आवाज एकच, यंत्र एकच, तरी एका चित्रात आडव्या रेघा आणि दुसऱ्यात उभ्या. दोन्ही चित्रं खरी आहेत. बाईचा किंवा लहान मुलाचा 300 हर्ट्झचा आवाज आला की अडचण होते. पायऱ्यांमधलं अंतर फिल्टरच्या रुंदीइतकंच झाल्यामुळे रुंद पट्ट्याच्या चित्रातही हार्मोनिक डोकावू लागतात, आणि अनुनादाचा पट्टा नेमका कुठे आहे हे सांगणं कठीण होतं. 300 हा आकडा जाड पुरुषी आवाजालाच धार्जिणा होता.

हा दोष चांगल्या फिल्टरने दूर होणारा नाही, हे 1946 मध्ये डेनिस गाबोर यांनी दाखवलं. बुडापेस्टमध्ये जन्मलेले गाबोर तेव्हा इंग्लंडमधल्या रग्बी शहरात ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीत काम करत होते. होलोग्राफीसाठी त्यांना नोबेल मिळालं ते बरंच पुढे, 1971 मध्ये. पुंजयांत्रिकीत स्थान आणि संवेग यांच्यासाठी जे गणित वापरलं जात होतं, तेच त्यांनी वेळ आणि वारंवारतेला लावलं. संकेत वेळेत किती पसरला आहे आणि वारंवारतेत किती, हे प्रमाण विचलनाने मोजलं, तर त्या दोन पसरणींचा गुणाकार 1/(4π) पेक्षा, म्हणजे सुमारे 0.08 पेक्षा, कमी होऊच शकत नाही. घंटेच्या आकाराची, म्हणजे गाउसियन, खिडकी वापरली तर तो नेमका तेवढा होतो. म्हणून गाबोर यांनी वेळ-वारंवारतेचं प्रतल समान क्षेत्रफळाच्या चौकटींत विभागलं. चौकट उभी करा किंवा आडवी करा, क्षेत्रफळ घटत नाही.

मापन करणाऱ्याच्या कमतरतेशी या मर्यादेचा संबंध नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. काही मिलिसेकंदांच्या तुकड्यात एखाद्या संथ कंपनाची जेमतेम एक-दोन आवर्तनं बसत असतील, तर त्याची अचूक वारंवारता त्या तुकड्यात नसतेच, मग ती काढणार कुठून?

संकेत कोणकोणत्या वारंवारतांनी बनला आहे हे फूरिये रूपांतराने काढता येतं. 1965 मध्ये कूली आणि टुकी यांची ते जलद काढण्याची पद्धत आली. त्यानंतर हळूहळू सरकत्या फिल्टरची जागा संगणकाने घेतली. ध्वनीचे छोटे, एकमेकांवर चढलेले तुकडे घ्यायचे, प्रत्येकाला कडांशी शून्यावर उतरणारी खिडकी लावायची आणि त्याचं फूरिये रूपांतर काढायचं. याला अल्पकालीन फूरिये रूपांतर म्हणतात. फिल्टरची रुंदी निवडायची ती आता खिडकीची लांबी म्हणून निवडायची, एवढाच बदल झाला.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. षड्ज 220 हर्ट्झवर लावला आहे, आणि त्याच्यासोबत तेवढ्याच जोराने कोमल रिषभ वाजतो आहे. 16/15 या गुणोत्तराने तो सुमारे 234.7 हर्ट्झवर येतो. सेकंदाला 44,100 नमुने घेतले आहेत. 1024 नमुन्यांची खिडकी घेतली तर ती 23 मिलिसेकंदांची होते, आणि रूपांतरातल्या दोन शेजारच्या बिंदूंमध्ये 43 हर्ट्झचं अंतर पडतं. हान नावाची नेहमीची खिडकी लावली, तर एकाच शुद्ध स्वराचा मुख्य उंचवटा चार बिंदू रुंद, म्हणजे 172 हर्ट्झ असतो. त्यात पंधरा हर्ट्झचा फरक बुडून जातो आणि चित्रात एकच जाड पट्टा दिसतो. पण तो पट्टा स्थिर नसतो. दर 68 मिलिसेकंदांनी तो गडद होतो आणि फिका पडतो. कानाला जाणवणारे ठोके ते हेच. आता 8192 नमुन्यांची, म्हणजे 186 मिलिसेकंदांची खिडकी घ्या. बिंदूंमधलं अंतर 5.4 हर्ट्झवर येतं, दोन स्वर दोन स्वच्छ रेघांत वेगळे होतात आणि ठोके नाहीसे होतात. सोबत द्रुत लयीत तबला असेल, तर 80 मिलिसेकंदांच्या अंतराने पडलेले दोन बोल मात्र या चित्रात एकमेकांत मिसळतील.

इथे बरेच जण एक चूक करतात. लहान खिडकीच्या मागे शून्यं जोडून रूपांतर 8192 बिंदूंचं करायचं, आणि बिंदू जवळ आले म्हणजे भेदनक्षमता वाढली असं मानायचं. बिंदू जवळ येतात, पण उंचवटा 172 हर्ट्झचाच राहतो. त्याच जाड पट्ट्याची कड तेवढी गुळगुळीत होते. रेघेची जाडी ध्वनीची आहे की खिडकीची, हे ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे खिडकी दुप्पट करून पाहणं. जाडी निम्मी झाली, तर ती खिडकीची होती. तशीच राहिली, तर आवाजच तेवढा पसरलेला आहे.

आता वेव्हलेट. हा विचार गणितज्ञांच्या नव्हे, तेलाचा शोध घेणाऱ्यांच्या कामातून आला. फ्रान्समधल्या एल्फ-आकितेन कंपनीत जाँ मोर्ले हे भूभौतिकशास्त्रज्ञ होते. जमिनीत सोडलेल्या कंपनांचे खालच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी तपासणं हे त्यांचं काम. पातळ थर उलगडायला उच्च वारंवारता लागतात आणि त्या वेळेत बारकाईने पाहाव्या लागतात, तर संथ कंपनांना लांब खिडकी लागते. गाबोर यांच्या पद्धतीत एकदा ठरलेली खिडकी सगळ्या वारंवारतांना तीच राहते. मोर्ले यांनी उलट केलं. खिडकीतल्या आवर्तनांची संख्या कायम ठेवली आणि अख्खा आकार ताणला किंवा आक्रसला. संथ कंपनासाठी लांब तरंग, जलद कंपनासाठी त्याचंच आखूड रूप. असा छोटा तरंग म्हणजे वेव्हलेट.

भौतिकशास्त्रज्ञ रॉजर बालियाँ यांनी मोर्ले यांना मार्सेयच्या अलेक्स ग्रोसमन यांच्याकडे पाठवलं, आणि 1984 मध्ये त्या दोघांच्या निबंधाने या कल्पनेला गणिती पाया दिला. पुढच्या चार वर्षांत इव्ह मेयर, स्टेफान माला आणि इंग्रिड डोबशी यांनी ते शास्त्र उभं केलं. सर्वांत खोल फरक या काळात उघड झाला, आणि त्यातही बालियाँ यांचं नाव येतंच. 1981 मध्ये त्यांनी, आणि पुढे फ्रान्सिस लो यांनी स्वतंत्रपणे, दाखवलं की एकाच आकाराची खिडकी सरकवत, तिच्या वारंवारता बदलत, परस्परांशी काटकोनात असलेला, म्हणजे एकमेकांची माहिती पुन्हा न सांगणारा, आणि वेळ-वारंवारता दोन्हींत आटोपशीर असा संच बांधता येत नाही. ताणण्या-आक्रसण्याच्या मार्गाने मात्र तो बांधता येतो. डोबशी यांचे 1988 मधले वेव्हलेट तर ठरावीक लांबीबाहेर पूर्ण शून्य असतात. प्रतिमा आणि ध्वनी पुनरुक्तीशिवाय साठवायला वेव्हलेट इतके उपयोगी पडले, ते यामुळे.

पण वेव्हलेट गाबोरची मर्यादा मोडतात हे जे सर्रास लिहिलं जातं, ते चुकीचं आहे. चौकटीचं क्षेत्रफळ तेच राहतं. वर जाताना ती उभी आणि अरुंद होते, खाली आडवी आणि पसरट. वरच्याच उदाहरणात नेहमीचा मोर्ले वेव्हलेट घेतला, त्यातली आवर्तनांची संख्या ठरवणारं मध्य-प्राचल 6 ठेवून, तर 220 हर्ट्झवर त्याची वारंवारतेतली पसरण जवळपास 37 हर्ट्झ असते. षड्ज आणि कोमल रिषभ त्यात वेगळे होणार नाहीत. वर गेल्यावर स्थिती आणखी बिघडते. 880 हर्ट्झवर पसरण 147 हर्ट्झ होते, तर तिथल्या हार्मोनिकमधलं अंतर अजून 220 च आहे. हार्मोनिकची शिडी समान अंतराची असते आणि वेव्हलेटची भेदनक्षमता टक्केवारीत चालते. त्यामुळे तंबोऱ्याचे वरचे हार्मोनिक मोजायला ठरावीक खिडकीचा जुना स्पेक्ट्रोग्रामच बरा. स्वरसप्तक मात्र गुणोत्तरांनी चढतं, आणि तिथे टक्केवारीचा हिशेब जुळतो. जुडिथ ब्राउन यांनी 1991 मध्ये संगीतासाठी याच तत्त्वावर रूपांतर मांडलं. त्यात प्रत्येक वारंवारतेची 34 आवर्तनं खिडकीत घेतली होती. 220 हर्ट्झवर ती खिडकी 155 मिलिसेकंदांची होते आणि 3520 हर्ट्झवर 10 मिलिसेकंदांपेक्षाही आखूड.

आवर्तनांची संख्या हीच आता निवड झाली आहे. 14 सप्टेंबर 2015 ला पकडलेल्या गुरुत्वीय लहरीचं प्रसिद्ध चित्र, 35 पासून 250 हर्ट्झपर्यंत पाव सेकंदाच्या आत चढणारी ती वक्ररेषा, अशाच रूपांतराने काढलेली आहे. ती लहर पकडणाऱ्या लायगो प्रकल्पाची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. तिच्या नोंदीही बहुधा अशाच चित्रांत पाहिल्या जातील. त्या क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या `gwpy` या पायथन संचात `q_transform` ही आज्ञा आहे, आणि तिच्यात काही न सांगितल्यास `qrange=(4, 64)` धरलं जातं. हे आकडे Q या मापाचे आहेत; Q जितका मोठा, तितकी खिडकीत जास्त आवर्तनं. एकच मूल्य न ठरवता या पल्ल्यातल्या अनेक रुंदी ती तपासते आणि ज्या रुंदीत संकेताचा जोर सर्वाधिक एकवटतो तिचं चित्र देते. बेल लॅबोरेटरीजमध्ये 45 की 300 हे माणूस ठरवायचा; इथे संकेत पाहून संगणक ठरवतो.