स्फटिकजल

काही क्षारांच्या स्फटिकांच्या रचनेतच ठराविक प्रमाणात पाण्याचे रेणू बसलेले असतात. त्या पाण्याला स्फटिकजल म्हणतात. ते ओलाव्यासारखे पृष्ठभागावर चिकटलेले नसते, म्हणून असा स्फटिक हाताला कोरडाच लागतो. मोरचूद, म्हणजे निळे कॉपर सल्फेट, हे याचे नेहमीचे उदाहरण. त्याच्या पाचपैकी चार पाण्याचे रेणू तांब्याच्या आयनाला थेट जोडलेले असतात, तर पाचवा सल्फेटशी हायड्रोजन बंधाने धरलेला असतो. निळा रंग या पाण्यावर अवलंबून असतो. पाणी गेले की पांढरी, किंचित करडी पूड उरते आणि तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की ती पुन्हा निळी होऊन गरम होते.

तापवण्यापूर्वी आणि नंतर वजन केले की सूत्रातील पाण्याचा आकडा, म्हणजे क्षाराच्या एका सूत्रामागे पाण्याचे किती रेणू आहेत ते, काढता येतो. समजा, कोरड्या चिनी मातीच्या मुशीत मोरचुदाची २.५० ग्रॅम पूड घेतली. मंद आचेवर ढवळत तापवून, डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड करून वजन केले, तेव्हा १.६७ ग्रॅम भरले. पूड पांढरी दिसते म्हणून इथेच थांबले, तर पाण्याचा आकडा ४.४ येतो. दुसऱ्यांदा तापवल्यावर १.६० ग्रॅम आणि तिसऱ्यांदाही १.६० ग्रॅम. सलग दोन वजने सारखी आली की पाणी संपले असे मानतात. रंगावर भरवसा ठेवू नये.

एक मोल पाण्याचे वजन १८.० ग्रॅम आणि एक मोल निर्जल कॉपर सल्फेटचे १५९.६ ग्रॅम असते. घट ०.९० ग्रॅम, म्हणजे ०.९० ÷ १८.० = ०.०५०० मोल पाणी. उरलेले निर्जल कॉपर सल्फेट १.६० ÷ १५९.६ = ०.०१००३ मोल. गुणोत्तर ४.९९, म्हणून सूत्र CuSO₄·5H₂O. तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंतच मोजत असेल, तर दोन वजनांतल्या चुका मिळून हे उत्तर ४.८ ते ५.२ च्या दरम्यान कुठेही येऊ शकते. तरी जवळची पूर्ण संख्या पाचच राहते.

आकडा पाचाच्या बराच वर गेला, तर आधी मुशीच्या तळाकडे पाहावे. तिथे काळे डाग असतील आणि घशाला झोंबणारा वायू आला असेल, तर आच जास्त झाली आहे. सल्फेटचेच विघटन होऊन काळा कॉपर ऑक्साइड उरतो आणि बाहेर पडलेले गंधकाचे ऑक्साइड पाण्याच्या हिशेबात जमा होतात. वरच्या उदाहरणात असे अवघे ०.०५ ग्रॅम जास्त गेले, तरी उत्तर ५.४ वर पोहोचते. तडतडून बाहेर उडालेले कण आणि मुळातच दमट असलेले स्फटिकही आकडा वाढवतात. उलट, मूस उघड्यावर थंड होऊ दिली तर निर्जल पूड हवेतली वाफ ओढून घेते आणि आकडा घटतो.