हेमाडपंती म्हणण्याआधी शिखराकडे बघा

अंबरनाथच्या शिवमंदिरात एक शिलालेख आहे. त्यात शके 982, म्हणजे इ.स. 1060 हे साल येतं आणि शिलाहार राजा मामवाणीचं नाव येतं. तरीही या मंदिराचा फोटो कुणी टाकला की खाली पहिला शब्द ठरलेला असतो: हेमाडपंती. ज्या हेमाद्रीच्या नावावरून हा शब्द आला, तो देवगिरीच्या महादेवराय आणि रामचंद्रदेव यादवांचा मंत्री होता. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा माणूस अंबरनाथनंतर दोनशे वर्षांनी आला.

शब्द अगदीच टाकाऊ आहे असं नाही. चुना न वापरता, खाचा आणि कुसू पाडून दगड एकमेकांत बसवण्याच्या पद्धतीला आपल्याकडे हेमाडपंती म्हणायची सवय पडली. पण यातून दगड कसे जोडले एवढंच कळतं. मंदिराचा आकार कोणत्या परंपरेतून आला हे त्यातून कळत नाही, ते शिखरावरून कळतं. आणि महाराष्ट्रातल्या अकराव्या ते तेराव्या शतकातल्या बऱ्याच चांगल्या मंदिरांचं शिखर ज्या प्रकारचं आहे, त्याला स्वतःचं जुनं नाव आहे: भूमिज.

ते ओळखायचं तर त्याच्या आधी काय होतं ते बघावं लागतं. उत्तरेकडच्या नागर मंदिरांचं सर्वांत साधं शिखर म्हणजे लतिन. एकच उंच, वर जाताना आत वळत जाणारा सुळका. चारही बाजूंच्या मधोमध एकेक रुंद उभा पट्टा खालपासून वरपर्यंत जातो, ती लता. तिच्यावर घोड्याच्या नालासारख्या छोट्या गवाक्षांची जाळी कोरलेली असते. कोपऱ्यांवर ठरावीक अंतराने लहान आवळ्याच्या आकाराचे चपटे, पाकळीदार दगड दिसतात. हे भूमी-आमलक. एक आमलक म्हणजे एक मजला, अर्थात फक्त नावापुरता, कारण आत मजले नसतात. भुवनेश्वरचं सातव्या शतकातलं परशुरामेश्वर मंदिर किंवा पट्टदकलचं गळगनाथ मंदिर बघितलं की हा आकार डोक्यात पक्का बसतो.

मंदिरं मोठी होऊ लागली तशी या एकट्या सुळक्याची अडचण झाली. पाया रुंद झाला, भिंतीला जास्त कोन आणि जास्त पुढे आलेले भाग पडले, पण वर एकच सुळका ठेवला तर तो अवजड आणि सपाट दिसायचा. दहाव्या शतकाच्या सुमारास यावर दोन उत्तरं निघाली. फोटोतून शैली ओळखण्याचा निम्मा खेळ या दोन उत्तरांतला फरक ओळखण्याचा आहे.

पहिलं उत्तर शेखरी. मुख्य शिखराला त्याच्याच लहान प्रतिकृती टेकवायच्या: चारही बाजूंच्या मध्यावर अर्धी शिखरं, ज्यांना उरःशृंग म्हणतात, आणि कोपऱ्यांवर पूर्ण छोटी शिखरं. खजुराहोचं लक्ष्मण मंदिर इ.स. 954 चं आहे, त्यात हे दिसतं. साधारण 1030 च्या कंदारिया महादेव मंदिरात ते टोकाला जातं. तिथे लहान-मोठी 84 शिखरं मोजतात. फोटोत खूण अशी की मधला भाग पुढे येतो. एका सुळक्यातून दुसरा बाहेर पडतोय, त्यातून तिसरा, असं वाटतं.

दुसरं उत्तर माळव्यात रुजलं. तिथल्या कारागिरांनी चारही लता तशाच ठेवल्या, त्यांना काहीही टेकवलं नाही. दोन लतांच्या मधली जी जागा उरते, म्हणजे शिखराचा प्रत्येक चतुर्थांश, तिथे त्यांनी छोट्या खांबावर एक छोटं शिखर अशी जोडी घेतली आणि ती ओळीने मांडत नेली, आडवीही आणि उभीही. वर जाताना प्रत्येक ओळीतली शिखरं लहान होत जातात, पण आकार सगळ्यांचा एकच. कणसावरचे दाणे जसे टोकाकडे बारीक होत जातात, तसे. एक आडवी ओळ म्हणजे एक भूमी. लतेच्या पायथ्याशी एक मोठी कमानदार गवाक्षाची आकृती असते, तिला शूरसेनक म्हणतात. लांबूनच्या फोटोतही ती बहुतेक वेळा दिसते.

माळव्यावर राज्य करणाऱ्या परमारांच्या मुलखात हा प्रकार कसा घडत होता याचा एक विलक्षण पुरावा भोजपूरला आहे. राजा भोजाच्या नावाशी जोडलेलं तिथलं प्रचंड मंदिर अर्धवटच राहिलं, पण आजूबाजूच्या कातळावर कारागिरांनी कोरलेले आराखडे टिकले. खांब, मंडप, शिखरं, सगळ्याच्या रेषा दगडावर आहेत. पूर्ण झालेलं मंदिर बघायचं तर विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरला जावं लागतं. उदयादित्य परमाराचं उदयेश्वर मंदिर 1059 ला सुरू झालं आणि 1080 ला पूर्ण झालं. सात भूमी, चांदणीसारखा कोनाकोनांचा पाया, आणि लता इतक्या स्पष्ट की कुणी पट्टी लावून ओढल्यासारख्या. भूमिज शिखर शिकायला याहून चांगला फोटो नाही असं माझं मत आहे.

सालं शेजारी ठेवून बघा. उदयपूरचं काम 1059 ला सुरू झालं आणि अंबरनाथचा लेख 1060 चा आहे. म्हणजे माळव्यात हा प्रकार ऐन भरात होता तेव्हाच तो कोकणात पोचलेला होता. पुढे यादवांच्या मुलखात तो झोडगे, बलसाणे, सिन्नर, सह्याद्रीत रतनवाडीच्या अमृतेश्वरापर्यंत दिसतो.

आता सिन्नरचं गोंदेश्वर घेऊ, कारण त्याचे फोटो भरपूर मिळतात. समोरून काढलेला फोटो बाजूला ठेवा. समोरून पुढचा मंडप आणि शिखराच्या दर्शनी अंगावर पुढे आलेला शुकनास एवढंच दिसतं, मागचं शिखर अर्धं झाकलं जातं. कोपऱ्यातून, साधारण तिरका काढलेला फोटो घ्या. तिरक्या फोटोत दोन लता दोन कडांना जातात आणि मधला चतुर्थांश पूर्ण तुमच्यासमोर येतो. त्यात छोट्या शिखरांच्या रांगा आहेत का, आणि त्या रांगा लतेपाशी येऊन थांबतात का, एवढं बघायचं. गोंदेश्वरला दोन्ही उत्तरं होय अशी येतात. उरःशृंग शोधायला गेलात तर सापडत नाही. म्हणजे शेखरी बाद, भूमिज पक्कं.

इथे एक गल्लत नेहमी होते. आडव्या रांगा दिसल्या की बरेच जण द्राविड म्हणून मोकळे होतात. तंजावरचं 1010 चं बृहदीश्वर मंदिर शेजारी ठेवलं की फरक उघड होतो. द्राविड विमानात मजले खरेच वेगळे काढलेले असतात. प्रत्येक मजल्याच्या कडेला छोट्या देवळांची माळ असते: कोपऱ्यात चौकोनी, मधे लांबट आणि गाडीच्या टपासारखं छत असलेली. प्रत्येक मजल्याची आडवी रेषा इमारतीभोवती फिरत जाते, खालून वर धावणारी लता तिला तोडत नाही. आणि अगदी वर आमलक नसतो, घुमटासारखी टोपी असते. दाक्षिणात्य परिभाषेत शिखर म्हणजे फक्त ती टोपी. आपण ज्याला शिखर म्हणतो त्या सगळ्याला तिथे विमान म्हणतात. त्यामुळे दोन जाणकारांचं बोलणंही कधी कधी एकमेकांना चुकवून जातं.

शिखराबद्दल शंका उरली तर मंडप मदतीला येतो. खजुराहोला अर्धमंडप, मंडप, महामंडप एका रांगेत असतात आणि प्रत्येकाचं छत आधीच्यापेक्षा उंच असतं, त्यामुळे बाजूने बघताना डोंगररांग चढत गेल्यासारखी दिसते. गोंदेश्वरला तसं नाही. एकच बंदिस्त गूढमंडप, त्याला तीन बाजूंना मुखमंडप, वर पायऱ्यापायऱ्यांचं बुटकं छत, आणि मग एकदम शिखर. समोर नंदीचा वेगळा मंडप, चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची छोटी देवळं, सगळं एका उंच जोत्यावर. अंबरनाथची मांडणी आणखी वेगळी आहे. तिथे गर्भगृह आणि मंडप हे दोन चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून ठेवल्यासारखे आहेत. त्यामुळे कुठल्याही बाजूने फोटो घेतला तरी भिंत कोनाकोनांत मोडलेली दिसते आणि सपाट तुकडा क्वचितच मिळतो.

एकट्या कोरीव थरांवर मात्र विसंबू नये. जोत्याजवळ हत्तींची रांग दिसली, म्हणजे गजथर दिसला, की लोक लगेच एक प्रदेश ठरवून टाकतात. गजथर अंबरनाथला आहे, गुजरातेत आहे, कर्नाटकातल्या होयसळांकडेही आहे. उपयोगी पडते ती थरांची जागा आणि संख्या. खजुराहोच्या मोठ्या मंदिरांत भिंतीच्या मधल्या भागावर, म्हणजे जंघेवर, मूर्तींच्या तीन रांगा एकावर एक असतात. होयसळ मंदिरात नजरेच्या उंचीला बारीक थरांची चवड असते आणि पायाची चांदणी फार ठळक असते.

सगळ्यात मोठी फसगत जीर्णोद्धारामुळे होते. औंढा नागनाथला खालच्या भिंती मध्ययुगीन, दगडी आणि थराथरांनी कोरलेल्या आहेत, वरचं शिखर मात्र नंतरचं आहे. अशा ठिकाणी भिंत आणि शिखर एकाच काळातले समजून नाव दिलं की ते चुकतंच. फोटो मोठा करून भिंतीच्या माथ्यावरची कपोताची रेषा बघा. तिच्या खाली भिंतीला जितके कोन आहेत, ते वर शिखरात चालू राहतात का? भूमिज मंदिरात भिंतीच्या प्रत्येक कोनावर वरची एक उभी रांग उभी असते. खालचे कोन वर हरवले आणि दगडाऐवजी गिलावा दिसू लागला, तर त्या रेषेवर दोन वेगळे काळ भेटतात.

अंबरनाथला नवं शिखर कुणी चढवलं नाही. वरचा भाग पडला आणि तसाच राहिला, त्यामुळे आमलक नाही, कलश नाही, भूमी किती होत्या ते फोटोवरून मोजताही येत नाही. पण खालचा भाग उभा आहे. त्यात लतेवरची जाळी दिसते, आणि तिच्या शेजारी लहान खांबांवर उभी असलेली छोटी शिखरं एका ओळीत दिसतात. तेवढ्यावरून प्रकार ठरतो.