फोटो पुसला, चेहऱ्याची मापं उरली

चेहऱ्याचा फोटो एखाद्या ऑनलाइन साधनावर चढवताना आपण फार तर दोन गोष्टी बघतो: तो दुसऱ्या कुणाला दिसणार आहे का, आणि नंतर काढून टाकता येईल का. मला वाटतं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मनासारखी मिळाली तरी माणूस अडकू शकतो. ते कसं, हे ‘एव्हर’ या अॅपच्या प्रकरणात स्पष्ट दिसतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९६०च्या दशकात अमेरिकेत वुडी ब्लेडसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाकडून चेहरे ओळखून घेण्याचा प्रयत्न केला. डोळ्यांचे कोपरे, केसांची कड अशा खुणा माणूसच फोटोवर एकेक करून नोंदवायचा, आणि त्यांच्यातली अंतरं संगणक ताडून बघायचा. २०१५ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘फेसनेट’ ही पद्धत मांडली तेव्हा हे हातकाम उरलं नव्हतं. चेहऱ्याचं चित्र आत गेलं की १२८ आकड्यांची एक ओळ बाहेर येते. एकाच माणसाच्या दोन फोटोंच्या ओळी जवळपास सारख्या असतात, वेगळ्या माणसाची ओळ लांब पडते. पुढे ताडून बघायला मूळ फोटो लागतच नाही, आकडे पुरतात. मात्र हे शिकवायला संशोधकांनी चेहऱ्यांची १० ते २० कोटी चित्रं वापरली होती. इतके चेहरे सहज कुणाकडे सापडतील? लोक आपणहून फोटो आणून ठेवतात त्यांच्याकडे.

एव्हर हे तसंच, फोटो साठवायचं अॅप होतं. २०१७ मध्ये त्यात ‘फ्रेंड्स’ ही सोय आली. ती चेहरे ओळखून एकेका व्यक्तीचे फोटो वेगळे लावायची आणि लोक त्यांना नावं द्यायचे. सुरुवातीला ती सगळ्यांसाठी आपोआप चालू होती. पुढे काही काळ, कायद्याचा धाक असलेली अमेरिकेतली तीन राज्यं आणि युरोपीय संघ सोडले, तर इतरांना ती बंदही करता येत नव्हती. मग कंपनीने लोकांच्या फोटोंमधले लाखो चेहरे कापून घेतले, बाहेरच्या खुल्या संग्रहांत मिसळले, त्यांवर ओळखयंत्रणा शिकवली आणि ती दुसऱ्या कंपन्यांना विकायला काढली. त्या ग्राहकांना लोकांचे फोटो दिलेच नाहीत. म्हणजे ‘आम्ही तुमचे फोटो कुणाला देत नाही’ हे वाक्य खरं राहूनही हे सगळं घडू शकलं. मला यातलं सगळ्यात झोंबतं ते हेच. त्यात खातं बंद केलं की फोटो पुसले जातील असं सांगितलं होतं, तेही निदान ऑक्टोबर २०१९ पर्यंत पाळलं गेलं नाही.

२०१९ मध्ये हे बातम्यांतून बाहेर आलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीशी केलेल्या तडजोडीत जे मागितलं ते तोवर क्वचितच कुणी मागितलं होतं: बंद खात्यांचे फोटो पुसा, संमतीशिवाय काढलेल्या चेहऱ्यांच्या आकड्यांच्या ओळी पुसा, आणि या फोटोंवर शिकवलेल्या यंत्रणाही पुसा. तिसरी मागणी महत्त्वाची, कारण शिकून तयार झालेल्या यंत्रणेतून एकट्या तुमचा चेहरा वेगळा काढून टाकणं जवळपास अशक्य असतं. पण हा आदेश त्या एका कंपनीपुरताच होता.

त्या तीन राज्यांपैकी इलिनॉयने २००८ मध्येच शरीराच्या अशा ओळखखुणांबद्दल कायदा केला होता. बोटाच्या ठशावर पैसे चुकते करून देणारी एक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि लोकांच्या ठशांचं आता काय होणार, हा प्रश्न उभा राहिला. त्यातून तो आला. पासवर्ड बदलता येतो, ठसा बदलता येत नाही. या कायद्यात नुसता फोटो ‘बायोमेट्रिक’ धरलेला नाही, चेहऱ्याची भूमिती धरलेली आहे. फोटोतून काढलेली मापंही त्यात येतात, असं पुढे न्यायालयांनी मानलं. म्हणून एखाद्या साधनाच्या अटी वाचताना ‘फोटो २४ तासांत पुसतो’ या ओळीवर थांबू नये. फोटोतून काढलेल्या माहितीचं काय होतं आणि फोटो ‘सेवा सुधारण्यासाठी’ वापरतात का, हे शोधावं.

चेहरा टाळला म्हणजे सुटलो, असंही नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या साउथ वेल्सच्या पोलिसांनी एका फोनमधल्या फोटोवरून अमली पदार्थ विकणाऱ्याची ओळख पक्की केली. फोटोत फक्त गोळ्या धरलेला तळहात होता आणि बोटांचा थोडासा भाग दिसत होता. तेवढ्यावरून नोंदींच्या साठ्यात जुळणी सापडली नाही. पण दुसऱ्या माहितीवरून संशयित हाती लागल्यावर त्याच रेषा त्याच्या बोटांशी जुळल्या. तळहातावरचा चट्टा त्वचा तपासणाऱ्या एखाद्या ऑनलाइन साधनाला दाखवायचा असेल, तर फोटो चट्ट्यापुरता कापून घ्यावा आणि बोटांची टोकं बाहेर ठेवावीत. कापायचं ते चढवण्याआधी, आपल्याच फोनवर. साधनातच कापलं तर पूर्ण हात आधीच तिकडे पोहोचलेला असू शकतो.