‘ती ही आण की’चं व्याकरण

आत्ती चुलीपुढून हाक मारते, “पोरी, ती ही आण की. ही गं... अं... त्या ह्याच्यात बघ, फळीवरच्या डब्यात. किसणी!” कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात ऐकू येईल असं हे बोलणं. शाळेच्या वहीत असं लिहिलं तर बाई त्यावर तांबड्या शाईनं काट मारतील. आता त्यातल्या फक्त ‘ती ही’कडे बघू.

आत्तीला ‘किसणी’ हा शब्द अजून सापडलेला नाही, पण ती ‘तो हा’ म्हणाली नाही आणि ‘ते हे’ही म्हणाली नाही. वस्तूचं नाव आठवायच्या आधीच तिचं लिंग आठवलेलं होतं. डबा हवा असता तर ती ‘तो हा’ म्हणाली असती, आणि पातेलं हवं असतं तर ‘ते हे’. पुढच्या ‘ह्याच्यात’लाही ‘-त’ प्रत्यय लागलेलाच आहे, फक्त डब्याचं नाव मागाहून आलं. म्हणजे हे भराव शब्द रिकामे नाहीत. येणाऱ्या शब्दाचं व्याकरण त्यांनी आधीच उचललेलं असतं. इटालियन बोलणाऱ्यांवर केलेल्या एका प्रयोगातही (1997) हेच दिसलं. शब्द अगदी जिभेवर येऊन अडला, तरी त्याचं लिंग लोक अंदाजापेक्षा कितीतरी अचूक सांगत होते.

भराव लागतात ते वेळेच्या हिशोबामुळे. संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. मनात एक शब्द जुळवायला मात्र त्याच्या तिप्पट वेळ लागतो. लिहिणारा पेन थांबवून विचार करू शकतो. बोलणारा गप्प बसला तर समोरचा मध्येच बोलू लागतो, म्हणून तो ‘अं’ किंवा ‘म्हंजे’ म्हणून आपली पाळी धरून ठेवतो.

आता अर्ध्या वाक्यांकडे येऊ. माझ्या शाळेत तोंडी परीक्षेला “पूर्ण वाक्यात!” ही आरोळी ठरलेली असायची. “राजूनं पुस्तक कुणाला दिलं?” या प्रश्नाला “ताईला” म्हटलं की उभं राहून “राजूनं पुस्तक ताईला दिलं” असं म्हणायला लागायचं. त्यातले तीन शब्द बाईंचेच होते. आमचा होता तो एकच, आणि तो आधीच बरोबर आला होता.

कारण तुटक उत्तरातही अख्ख्या वाक्याचं व्याकरण असतं. “कुणाला दिलं?” याचं उत्तर “ताई” असं कुणी देत नाही, “ताईला” असंच देतं. “फळा कुणी पुसला?” याला “सचिननं” असं उत्तर येतं, पण स्वतः पुसला असेल तर “मी”, तिथं ‘-नं’ लागत नाही. “भूक कुणाला लागलीय?” म्हटल्यावर मात्र तोच पोरगा “मला!” म्हणून ओरडतो. शाळेचं तोंड न पाहिलेलं पोरही हे चुकत नाही. म्हणून तोंडी उत्तरात शिक्षकांनी प्रत्यय तपासावा, वाक्याची लांबी नव्हे. “कुणाला?” या प्रश्नावर एखादं मूल “ताई” म्हणालं, तर तिथं खरोखर थांबून विचारायला हवं.

इथं एक गल्लत नेहमी होते. आमच्याकडं बाईमाणूसही “मी आलो की” म्हणते. ‘करालोय’, ‘व्हय’ हेही आमचंच. ही झाली बोली. शब्द गाळणं आणि ‘अं’ करणं मात्र पुण्याच्या सदाशिव पेठेतही तितकंच चालतं. बोलीमुळं लाजलेल्या पोराला त्याच दमात “अडखळू नको” म्हटलं, तर आपलं नेमकं काय चुकलं हे त्याला कधीच कळत नाही.

मग लेखनाचं काय? तिथं गाळणं खरंच नडतं. हे उपदेशानं शिकवण्यापेक्षा पोरांना दिसू द्यावं. एक मिनिट बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, ‘अं’सकट जसंच्या तसं उतरवायचं, आणि मग तेच त्या जागी नसलेल्या माणसाला पत्रात कळवायचं. मी हा प्रयोग केला तेव्हा खासबाग मैदानातली कुस्ती बघून आलेला एक मुलगा सांगत होता, “मग त्यानं ही मारली, ढाक, आणि पडला की! चीत!” वर्गात कुणालाच काही अडलं नाही, कारण कोण कुणीकडं पडलं हे त्याचे हात दाखवत होते. कागदावर उतरवल्यावर शेजारच्यानं विचारलं, “पडला कोण? मारणारा का?”

मुलानं स्वतःचंच वाक्य दोनदा वाचलं, खोडलं आणि लिहिलं, “लाल लंगोटाच्या पैलवानानं ढाक मारली आणि काळ्या लंगोटाचा चीत झाला.” ‘ही’ आपोआप गेली होती. ‘की’ मात्र त्याला काढवत नव्हता. “सर, तो ठेवू की?”